अण्णांना कुठला नंबर द्यायचा

आमच्या प्रयोगशाळेत टॉवेलची परीक्षा होते. टॉवेल पाणी किती पितो, धुतल्यावर रंग किती सोडतो, आटून केवढा होतो, हे सगळं मापून आम्ही शिक्का मारतो आणि मग तो टॉवेल परदेशी जाऊन कुणाची तरी पाठ पुसतो. भवानी पेठेत खाली मागांची खडखड आणि वर आमची प्रयोगशाळा. मालक चनबसप्पा अण्णा. मी श्रीदेवी, इथल्या कॉम्प्युटरांचं सगळं मी बघते. म्हणजे माणसांचंच बघते; कॉम्प्युटर बिचारे सांगितलं तेवढं करतात.

सगळं सुरू झालं ते एका लग्नपत्रिकेमुळे. टॉवेलचा एक कारखानदार नमुना द्यायला आला होता. बाहेर सोफ्यावर बसला, आमचं वायफाय घेतलं आणि पुतणीची पत्रिका घरच्या प्रिंटरवर पाठवायला गेला. त्याच्या फोनला जवळ जो प्रिंटर दिसला तो आमच्या लॅबचा, नमुन्यांची लेबलं छापणारा. त्याने पत्रिका छापली, लेबलाच्या मापात जेवढी बसली तेवढी. लॅबमधल्या मुलींना सवय अशी, की प्रिंटरमधून लेबल आलं की समोरच्या टॉवेलला चिकटवायचं. चिकटवलं. तो टॉवेल पुढे धुतला गेला, वाळवला गेला, मापला गेला, आणि त्याचा रिपोर्ट निघाला तेव्हा नमुन्याच्या नावापुढे लिहिलं होतं, चि. सौ. कां.

रिपोर्ट नेमका आम्हाला मान्यता देणाऱ्या संस्थेच्या हाती लागला. ते हसले असतील, पण पत्रात हसले नाहीत. बाहेरच्या माणसाचा फोन लॅबपर्यंत पोचतोच कसा, असं त्यांनी विचारलं. लॅब, ऑफिस आणि पाहुणे यांच्या वाटा वेगळ्या करा, आमचा माणूस येऊन बघेल, तोवर तुमच्या मान्यतेचं नूतनीकरण थांबवलंय. मान्यता गेली की शिक्का गेला, आणि शिक्का गेला की आम्ही फक्त लोकांचे टॉवेल फुकट धुणारी माणसं उरतो.

वाटा वेगळ्या करणं म्हणजे भिंती बांधणं नव्हे. आमचा सगळा कारभार एकाच मोठ्या पेटीत चालतो. ती पेटी अण्णांच्या केबिनमध्ये आहे, कारण एवढी महागाची वस्तू मालकाच्या नजरेसमोर पाहिजे असा अण्णांचा हट्ट. तिला एसी आहे, दसऱ्याला हार आहे. पेटी एक, पण आत चार कॉम्प्युटर वेगवेगळे असल्यासारखे चालतात. मी त्यांना बिऱ्हाडं म्हणते. एक बिऱ्हाड लॅबचं, एक ऑफिसचं, एक पाहुण्यांच्या नोंदीचं. चौथं अण्णांचं, कारण एवढी पेटी समोर असताना वेगळा कॉम्प्युटर घ्यायला ते तयार नव्हते. त्यांचा स्क्रीन आणि कीबोर्ड थेट पेटीलाच जोडून त्या बिऱ्हाडाला देऊन टाकलेत. या चारही बिऱ्हाडांना जोडणारा एक स्विच पेटीच्या आतच असतो. तो दिसत नाही, हाताला लागत नाही, पण असतो. बाहेरच्या खऱ्या स्विचकडे जाणारी वायर मात्र एकच.

एका वायरवरून सगळ्यांचा माल जाणार, तर कुणाचा कुठला हे कळायला प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी लागते. तिला टॅग म्हणतात. चिठ्ठी बिऱ्हाड लावत नाही, आतला स्विच लावतो. लॅबच्या दारातून निघालेल्या मालावर दहाची, ऑफिसच्या दारातून निघालेल्यावर वीसची. पलीकडचा स्विच चिठ्ठी बघतो आणि दहाचा माल फक्त दहावाल्यांना देतो. आणि ज्याच्यावर चिठ्ठीच नाही तो पाहुणा. असं मी मुद्दाम ठेवलं. चुकून कुणी बिनचिठ्ठीचा सुटला तर तो लॅबमध्ये शिरण्याऐवजी बाहेर सोफ्यावर जाऊन पडलेला बरा. लॅबमधून ऑफिसात पक्का रिपोर्ट जायला फायरवॉलवर एकच दार ठेवलं. पाहुण्यांना कुठलंच दार नाही, इंटरनेटचं सोडून.

हे मी मीटिंगमध्ये समजावून सांगितलं, आणि तिथेच चुकले. लोकांना काम सांगावं, नंबर सांगू नयेत.

मल्लिनाथकाका आमचे हिशेबनीस. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, लॅबला दहा आणि ऑफिसला वीस, म्हणजे लॅब आधी का? मी म्हटलं, काका, यात आधी-नंतर काही नसतं, नुसती नावं आहेत. त्यावर लॅबप्रमुख चंद्रिका मॅडम म्हणाल्या की तसं असेल तर वीस मोठा झाला, मग लॅबला लहान नंबर का? एकाला पहिलेपणाचा मान हवा आणि दुसरीला मोठेपणाचा, आणि दोघंही माझ्याकडे बघत होते, जणू मी वरपक्षाकडचे आहेर वाटायला बसलेय. आमच्याकडे लग्नात टोपी-टॉवेल कुणाला आधी दिला यावरून पंगत उठलेली मी पाहिली आहे. टॉवेलची प्रयोगशाळा म्हटल्यावर तो गुण इमारतीलाच लागणार.

अण्णांनी हात वर करून दोघांना गप्प केलं. आमचे अण्णा न्यायी आहेत, त्यांचा न्याय फक्त त्यांच्यापासून सुरू होतो. त्यांनी मला विचारलं, सगळ्यात मोठा नंबर कुठला? मी खरं ते सांगून टाकलं, की वापरता येतो असा शेवटचा चार हजार चौऱ्याण्णव. मग अण्णा म्हणाले, तो मला. मालकाचा नंबर सगळ्यांच्या वर. दहा आणि वीस तुम्ही आपसात बघा.

मी परोपरीने सांगितलं की अण्णांचं बिऱ्हाड ऑफिसच्या विसातच ठीक आहे. हिशेब बघायचा, मेल बघायचा, सगळं तिथेच असतं. चार हजार चौऱ्याण्णवात ते एकटेच राहतील, शेजारी कुणी नाही, बोलायला कुणी नाही. अण्णांनी मान डोलावली. मला वाटलं पटलं. त्यांच्या मान डोलावण्याचा आणि पटण्याचा काही संबंध नसतो हे मी इतक्या वर्षांत शिकायला हवं होतं.

तपासायला पूनम मॅडम आल्या. पुण्याच्या, खांद्याला लॅपटॉपची पिशवी, चेहरा असा की चांगलं आहे का वाईट आहे काही कळू नये. मी त्यांना बाहेर सोफ्यावर बसवलं, चहा दिला. त्यांनी लगेच पाहुण्यांच्या वायफायवर फोन जोडला. आमच्याकडे फोन जोडला की आधी एक पान उघडतं. ते मीच लिहिलंय. वर मोठ्या अक्षरात 'या, बसा' असं येतं आणि खाली नाव, मोबाईल आणि कोणाला भेटायचं ते विचारतं. भरलं की माझ्या फोनवर विचारणा येते आणि मी हो म्हटलं की इंटरनेट सुरू. पूनम मॅडमनी भरलं, मी हो म्हटलं. मग त्यांनी त्या फोनवरून लॅबच्या प्रिंटरचं पान उघडायचा प्रयत्न केला. उघडलं नाही. लॅबच्या निकालांचं पान, ऑफिसचं पान, काहीच उघडलं नाही. त्यांनी लॅपटॉपवर एक खूण केली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आणखी एक पाहुणा आत येऊ मागत होता. नाव, चनबसप्पा. कोणाला भेटायचं, तिथे लिहिलं होतं, 'कोण विचारतंय'.

मला वाटलं कुणी थट्टा करतंय. मी नाही म्हटलं. लगेच दुसरी विचारणा आली. नाव तेच. कोणाला भेटायचं, 'मी मालक हाय'. मी तीही नाकारली, बोट आपोआपच गेलं. तिसऱ्या वेळी लिहिलं होतं, 'श्रीदेवी हिकडं ये'.

केबिनचा दरवाजा उघडला आणि अण्णांचा आवाज आला. पूनम मॅडमनी कप खाली ठेवला आणि माझ्यामागोमाग आल्या, मी थांबा म्हणायच्या आत.

अण्णांच्या मोठ्या स्क्रीनवर माझं पान होतं. 'या, बसा.' अण्णा उभेच होते.

काय झालं ते त्यांनी मला कानडीत सांगितलं, म्हणून पूनम मॅडमना कळलं नाही, आणि त्यांना त्यात स्वतःची काही चूक दिसत नव्हती. मी बाहेर चहा देत होते, तेवढ्यात त्यांनी पेटीच्या सेटिंगचं पान उघडलं. पासवर्ड त्यांच्याकडे असतो, कारण घरच्या तिजोरीपासून इथल्या संडासाच्या कुलपापर्यंत सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडेच असतात. स्वतःच्या बिऱ्हाडाचं दार शोधलं, वीस खोडलं आणि चार हजार चौऱ्याण्णव घालणार होते. पण मग त्यांच्या मनात आलं, श्रीदेवी म्हणते हा शेवटचा, खरंच शेवटचा का बघू. म्हणून एक जास्त घातला. चार हजार पंचाण्णव. पेटीने तक्रार न करता घेतला, आणि वर शेजारी इंग्रजीत लिहिलं, 'ऑल', म्हणजे सर्व. अण्णांना ती पदवीच वाटली. मग इंटरनेट बंद पडलं, म्हणून त्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, जसा ते पंखा करतात. चालू झाल्यावर हे पान आलं.

मी कपाळाला हात लावला. पाहुणीसमोर लावू नये, पण लावला.

चार हजार पंचाण्णव हा नंबरच नाही. आतल्या स्विचच्या भाषेत त्याचा अर्थ, या दाराला माझी चिठ्ठी लावू नकोस, काढूही नकोस. सगळ्यांच्या चिठ्ठ्यांचा माल या दारातून जाऊ दे आणि चिठ्ठीचं काय ते आतलं बिऱ्हाड बघून घेईल. आता अण्णांच्या बिऱ्हाडाला चिठ्ठी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. दहाचा, विसाचा माल दारात येई, बिऱ्हाडाला तो कळत नसे, ते तो फेकून देई. आणि स्वतः काही बाहेर पाठवलं की बिनचिठ्ठीचं पाठवी. बिनचिठ्ठीचा तो पाहुणा, हा नियम माझाच. त्यामुळे सगळ्यात मोठा नंबर घेऊन आमचे मालक आपल्याच प्रयोगशाळेत पाहुणे झाले होते. आणि तो नंबर बदलायचं पान ऑफिसच्या वाटेवर होतं, तिथे पाहुण्यांना प्रवेश नाही. स्वतःच्या हाताने परत यायची सोयही त्यांनी ठेवली नव्हती.

मल्लिनाथकाका दारात येऊन उभे राहिले होते. त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की ते आतून हसतायत हे मला लगेच कळलं.

अण्णांनी कडक आवाजात सांगितलं की लॅबचं पान उघडून दे. मी म्हटलं उघडत नाही. त्यांनी स्वतः पत्ता टाकला, उघडलं नाही. प्रिंटरचा टाकला. ऑफिसचा टाकला. मग तेच परत टाकले, अक्षरं जोरजोरात दाबून. जगातला कुठलाही चोर इतक्या चिकाटीने आत शिरायचा प्रयत्न करणार नाही. पूनम मॅडम मागे उभ्या राहून एकेक बघत होत्या आणि त्यांच्या लॅपटॉपवर एकेक खूण करत होत्या. माझ्या मनात आलं, हे तर बरंच चाललंय.

"मालकालाच आत येऊ देत नाही म्हणजे वाटा खऱ्याच वेगळ्या आहेत," पूनम मॅडम म्हणाल्या. आणि मग, निघता निघता चप्पल शोधावी तसं सहज, त्यांनी विचारलं, "यांच्या कॉम्प्युटरला कुठला नंबर दिलाय?"

मी गप्प बसले असते तर निभावलं असतं का, हे मला अजून माहीत नाही. त्या क्षणी मला गप्प बसावंसं फार वाटलं. पण त्यांनी माझ्या काखेतल्या लॅपटॉपकडे बघितलं, आणि नंबर मी लपवला तरी पेटी लपवणार नव्हती. मी सांगितलं. त्यांच्या भुवया पहिल्यांदा हलल्या.

त्यांनी विचारलं, या बिऱ्हाडाने स्वतःच दहाची चिठ्ठी लावली तर? मी म्हटलं, तर लॅबमध्ये जाईल. दाखवा, त्या म्हणाल्या.

अण्णांनी काय ऐकलं तर 'लॅबमध्ये जाईल'. ते खुर्ची माझ्याकडे सरकवून खूश होऊन उभे राहिले. मी त्यांच्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाच्या सेटिंगात चिठ्ठी म्हणून दहा लिहिला, लॅबमधला एक मोकळा पत्ता हाताने दिला आणि प्रिंटरचं पान उघडलं. उघडलं. लगेच उघडलं, काही अडलं नाही.

"बघा, उघडलं की," अण्णा म्हणाले. "म्याडम, म्या मालक हाय हितला. लई येळ लावला हिनं."

आणि मी हात धरायच्या आत त्यांनी लेबलाच्या चौकटीत 'चनबसप्पा' लिहून छापायचं बटण दाबलं.

पूनम मॅडमनी लॅपटॉप अण्णांच्या टेबलावर ठेवला आणि टाइप करायला लागल्या. त्या आवाजानेच मला रडू यायला लागलं. तीन महिने मी या चिठ्ठ्यांवर काम केलं होतं, पाहुण्यांच्या पानावरचा 'या, बसा' कुठल्या रंगात शोभेल हेसुद्धा चारदा बदललं होतं, आणि एका माणसाच्या मोठेपणापायी सगळं धुतलं जात होतं. अण्णा मात्र हसऱ्या चेहऱ्याने आम्हा सगळ्यांकडे बघत होते.

चंद्रिका मॅडम आत आल्या. त्यांच्या हातात एक पिवळा टॉवेल होता. टॉवेलला लेबल चिकटवलेलं होतं, चनबसप्पा. मुलींनी सवयीने चिकटवलं होतं. चंद्रिका मॅडमनी विचारलं, हा नमुना कुणाचा, आणि धुवायचा किती वेळा?

पूनम मॅडमनी सरळ सांगितलं. दोष आहे आणि मोठा आहे. पाहुण्यांच्या वाटेवर बसलेल्या एका मशीनकडे सगळ्या वाटांची किल्ली आहे. आज त्यावर मालक आहेत, उद्या त्या मशीनमध्ये बाहेरचं काही शिरलं तर तेही याच वाटेने लॅबमध्ये जाईल. पण तुमच्याच माणसाने तो लपवला नाही, दाखवला. माझ्यासमोर बंद करा, मी पुन्हा तपासते. नाही केला तर नूतनीकरण होणार नाही.

मी लॅपटॉप उघडला. अण्णा म्हणाले, थांब. माझा नंबर माझ्याशिवाय कुणी काढायचा नाही. आणि ते पुढे असंही म्हणाले, की काढलास तर उद्यापासून येऊ नकोस.

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही, नेहमीच्या आवाजात म्हटलं, म्हणून जास्त लागलं. पासवर्ड माझ्याकडेही होता. दोन अक्षरांचं काम होतं. माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. मला अण्णांचा इतका राग आला होता की नोकरी गेली तरी चालेल असं वाटत होतं, आणि त्याच वेळी हेही कळत होतं की मी त्यांच्या माघारी काढला तर ते उद्या पुन्हा घालतील. किल्ल्या त्यांच्याकडेच आहेत.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. चंद्रिका मॅडमच्या हातातला टॉवेल घेतला आणि लॅपटॉपशेजारी टेबलावर ठेवला, लेबल वर करून.

"अण्णा, तो कारखानदार पाहुणा म्हणून आला, आणि आपल्या टॉवेलवर पुतणीचं लग्न लागलं," मी म्हटलं. "आज तुम्ही पाहुणे म्हणून आलात आणि टॉवेलवर तुमचं नाव लागलं. दोन्हींत मला काही फरक दिसत नाही. तुम्हाला दिसतो का सांगा."

अण्णांनी टॉवेल उचलला. ते टॉवेल उचलतात तेव्हा आधी दोन बोटांत धरून फिरवतात, कडा बघतात, मग नाकाशी नेतात. तरुणपणी ते स्वतः टॉवेलच्या गाठी सायकलवर घालून गावभर फिरले आहेत. लेबल त्यांनी नखाने हळूच काढलं, फाटू न देता, आणि खिशात ठेवलं.

"हा कुनाचा नमुना हाय आता कळंल का?" त्यांनी चंद्रिका मॅडमना विचारलं.

नाही, त्या म्हणाल्या. त्याचं खरं लेबल पुढच्या टॉवेलला लागलं आणि पुढच्याचं त्याच्या पुढच्याला. सगळी रांग परत मागवावी लागेल.

अण्णा खुर्चीत बसले. मघापासून स्क्रीन त्यांना बसा म्हणत होता, ते आत्ता बसले. मग त्यांनी मला विचारलं की मोठा नंबर काढला तर दुसरा कुठला मिळेल. मी म्हटलं दहा आहे, पण तो लॅबचा, तुम्हाला लागत नाही. वीस आहे, आधी होतात तोच, मल्लिनाथकाकांच्या ऑफिसचा.

"मल्लिनाथच्या हाताखाली?"

हाताखाली नाही, शेजारी, मी सांगितलं. मल्लिनाथकाका छताकडे बघत होते. अण्णांनी तो नंबर नको म्हणून हात हलवला.

आणि काहीच घातलं नाही तर? त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, शून्य. म्हणजे बिनचिठ्ठीचे. मग तुम्ही कायमचे पाहुणे. इंटरनेट मिळेल, बाकी काही नाही. हिशेब बघायचा तर काका कागदावर आणून दाखवतील. खरं सांगायचं तर तेव्हा मी चिडून बोलत होते, पण बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की अण्णा आजही हिशेब कागदावरच बघतात. त्या कॉम्प्युटरवर ते भजनं ऐकतात आणि बैलांच्या शर्यती बघतात. सगळ्या वाटांची किल्ली ज्या माणसाने मागितली त्याला एकाही वाटेने जायचं नव्हतं.

"ते पान रोज यील का मग?" अण्णा म्हणाले. "या, बसा म्हनतंय ते?"

मी म्हटलं, येईल, रोज सकाळी एकदा.

अण्णांनी लेबल ठेवलेल्या खिशावर हात ठेवला.

"यव्वा, तीस वरसं झाली हितं बसतोय. आल्या-गेल्याला या बसा म्याच म्हनतो. मला आजपातुर कुनी म्हनलं न्हाय. घरात बायकू गंगम्मा बी म्हनत न्हाय. आज पयल्यांदा म्हनलं, ते बी तुज्या त्या पानानं. आन म्या त्याच्यावर वरडत बसलो."

त्या माणसावर मी चिडलेलीच होते, आणि चिडलेली असतानाच माझे डोळे भरून आले. मला हे अजिबात आवडलं नाही.

त्यांनी माझ्या लॅपटॉपवर स्वतःच्या हाताने चार हजार पंचाण्णव खोडलं. एकेक आकडा, मागून पुढे. मग शून्य दाबलं. शून्य दाबताना त्यांचं बोट जरा वर थांबलं, मग दाबलं.

पूनम मॅडमनी लगेच तपासलं. अण्णांच्या कॉम्प्युटरवर मी लिहिलेली दहाची चिठ्ठी त्यांनी मुद्दाम तशीच ठेवली आणि प्रिंटरचं पान उघडायला सांगितलं. उघडलं नाही. आता आतला स्विच त्या दारातून बिऱ्हाडाने स्वतः लावलेली चिठ्ठी मान्यच करत नव्हता. तसला माल तो दारातच टाकून देत होता. मग मी ती चिठ्ठी काढली, हाताने दिलेला पत्ता काढला, आणि स्क्रीनवर पान परत आलं. या, बसा. अण्णांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

जाता जाता मॅडमनी आणखी एक अट घातली, की पेटीचा पासवर्ड ज्याचं काम त्याच्याचकडे राहावा. मला वाटलं आता पुन्हा सुरू होईल. पण अण्णा मला म्हणाले, "बदल तो, आन मला सांगू नगंस. सांगितलास तर म्या परत कायतरी घालीन, मला म्हाईत हाय."

मान्यता मिळाली. टॉवेलची ती रांग परत मागवून पुन्हा मापली, मुलींनी आठवडाभर कुरकुर केली. लेबल आलं की वाचून मगच चिकटवायचं असा नियम चंद्रिका मॅडमनी केला. दहा मोठा की वीस यावर त्यांचं आणि मल्लिनाथकाकांचं अजून ठरलेलं नाही. चार हजार चौऱ्याण्णव रिकामाच आहे आणि काका अधूनमधून त्याची चौकशी करतात.

अण्णांच्या पाकिटात ते लेबल अजून आहे. रोज सकाळी मी जिना चढत असते तेव्हा फोन वाजतो. नाव, चनबसप्पा. पहिले काही दिवस कोणाला भेटायचं या रकान्यात ते 'सहज' लिहायचे. परवा लिहिलं होतं, 'चंद्रिकाकडं, येळ आसंल तर'. आज लिहिलं होतं, 'श्रीदेवीकडं चहाला'.

मी हो म्हटलं. मग वर गेले, चहाचे दोन कप घेतले, केबिनच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, अण्णा, या, बसा. ते बसलेलेच होते. उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.